कॉम्पा-रेशो ०.८५ असेल, तर पगारवाढ १५ टक्के मागू नका

आपला पगार भागिले पगारपट्ट्याचा मध्यबिंदू, म्हणजे कॉम्पा-रेशो. पट्टा ८ ते १२ लाखांचा असेल, तर मध्यबिंदू १० लाख. तुम्हाला ८.५ लाख मिळत असतील, तर रेशो ०.८५. इथे मध्यबिंदू गाठायला बरेच जण १५ टक्के वाढ मागतात आणि ९.७७५ लाखांवरच अडकतात, कारण वाढ मध्यबिंदूवर नाही, तुमच्या सध्याच्या पगारावर मोजली जाते. १ ला ०.८५ ने भागून १ वजा करा: खरी गरज १७.६ टक्क्यांची. त्याआधी एचआरला जरूर विचारा, पट्टा फिक्स्ड पगाराचा आहे की सीटीसीचा? दोन्हींची सरमिसळ झाली, तर रेशो उगाच फुगतो किंवा घटतो. शिवाय यंदा पट्टाच ५ टक्क्यांनी वर सरकला, तर मध्यबिंदू १०.५ लाख होतो आणि लागणारी वाढ २३.५ टक्के.