सभेची नोटीस लावण्याआधी शेवटापासून वाचा

सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस बहुधा गेल्या वर्षीच्या फाइलवरूनच तयार होते आणि जुनी वेळ कुठेतरी तशीच राहते. आमच्या नोटिशीत वर 'सकाळी ११' होतं, तर तळाच्या गणपूर्तीच्या टिपेत 'तहकूब सभा सकाळी १०.३० वाजता'. म्हणजे तहकूब सभा मूळ सभेच्या आधीच!

म्हणून आता प्रिंट काढून असं तपासते:

१. तारीख, वार, वेळ आणि ठिकाण जिथे जिथे आलं असेल तिथे पेन्सिलीने गोल करायचा. पहिला परिच्छेद, तळटीप, सोबतचं पत्र, सगळीकडे. मग सगळे गोल एकमेकांशी जुळवायचे. वार कॅलेंडरवरच बघायचा.

२. विषयपत्रिकेचे क्रमांक शेवटून उलटे मोजायचे. मध्ये नवा विषय घातला की दोन '५' होतात, आणि इतिवृत्तात 'विषय क्र. ५' म्हणजे नेमका कोणता, यावर वाद होतो. सोबतच्या टिपणांतले क्रमांकही त्याबरोबर बदलायचे.

तारीख दुरुस्त केलीत, तर १४ पूर्ण दिवसांची मुदत पुन्हा मोजा. नोटीस दिल्याचा आणि सभेचा दिवस त्यात धरू नका.