भाडेकरारातला लॉक-इन कागदावर आखून बघा

पहिल्यांदा घर भाड्याने घेताना सगळ्यांचं लक्ष भाडं आणि डिपॉझिटवर असतं. भांडण मात्र बरेचदा लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येणारा किमान काळ, आणि नोटीस या दोन कलमांच्या सांध्यात होतं. समजा करार ११ महिन्यांचा, लॉक-इन ६ महिन्यांचा, नोटीस एका महिन्याची. सहीआधी एक रेघ आखा:

१ ——— ५ | ६ नोटीस | ७ ——— ११

पाचवा महिना संपताना नोटीस देऊन सहाव्याच्या शेवटी घर सोडता येईल, की लॉक-इन संपल्यावरच नोटीस देता येईल? दुसरा अर्थ लावला तर सातव्या महिन्याचंही भाडं भरावं लागतं. ‘लॉक-इनच्या काळात नोटीस देता येईल’ हे वाक्य करारातच लिहून घ्या. तोंडी ‘हो हो, चालेल’ नंतर कोणालाच आठवत नाही.

मग बघा, लॉक-इन मालकालाही लागू आहे का? अनेक मसुद्यांत तो फक्त भाडेकरूवर असतो. आणि चौथ्या महिन्यानंतर सोडलंत तर उरलेल्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून कापणार का, तेही विचारा.

डिपॉझिट ‘घर सोडल्यावर’ परत, एवढंच लिहिलं असेल तर दिवसांची मुदत घालून घ्या.