सणाच्या दिवशी धावून आलेल्या वायरमनचे आभार कसे मानावेत

नरक चतुर्दशीची पहाट, सांगलीतलं विश्रामबागचं घर. गिझर लावला की आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की घराची लाईट तोडणारा स्विच, पडते आणि घरभर अंधार. वायरमन सातला येतो. गिझरची एमसीबी खाली केल्यावर लाईट टिकते, म्हणजे फॉल्ट गिझरच्याच लाईनवर. तपासल्यावर कळतं, एलिमेंटला चीर जाऊन करंट उतरतोय. दुकानं बंद, म्हणून तो गिझर सोडवून ठेवतो आणि बाकी घर चालू करून देतो.

आभाराची पहिली कसोटी इथंच लागते. पार्ट न मिळाल्यामुळं सणाचं काम बहुतेक वेळा असं तात्पुरतंच होतं. "गिझर कुठं चालू झाला?" म्हणून पैसे कापू नका. फॉल्ट शोधणं हेच खरं काम होतं आणि ते पूर्ण झालं आहे.

१. सुट्टीचे किती घेणार, हे फोनवरच विचारून घ्या. नंतरची घासाघीस दोघांनाही अवघड जाते.

२. काम संपल्यावर त्याच्यासमोरच सगळे दिवे, पंखे लावून बघा. त्याला पुन्हा हेलपाटा पडत नाही.

३. "आलाच आहात तर हॉलचा पंखाही बघा" हे त्या दिवशी नको. त्याच्याही घरी अभ्यंगस्नान खोळंबलेलं असतं. आमच्या मते लवकर मोकळं करणं हा फराळाच्या डब्याहून मोठा मान आहे.

४. पैसे तिथल्या तिथे द्या. समजा, त्यानं ५०० सांगितले आणि तुम्हाला २०० वर द्यायचे आहेत. एकदम ७०० हातात ठेवले तर हिशेबात घोळ होतो. आधी ५०० द्या, मग "हे दिवाळीचे, पोरांना" म्हणून २०० वेगळे. सोबत हेल्पर असेल तर त्याचे त्याच्याच हातात द्या. चहा विचारा, पण नको म्हणाला तर आग्रह करू नका. फराळ बांधून द्या.

५. दुसऱ्या दिवशी फोन न करता मेसेज पाठवा. नुसतं "थँक्यू" पुरत नाही, काम कसं टिकलंय तेही लिहा:

"दादा, काल सणाचं सकाळी येऊन फॉल्ट शोधलात, मनापासून आभार. तेव्हापासून आरसीसीबी एकदाही पडली नाही. दुकानं उघडली की एलिमेंट बदलायला तुमच्या सवडीनं या."

शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. सणाला त्याला बोलवायचं आणि एलिमेंट मात्र दोन पैसे स्वस्त म्हणून दुसऱ्याकडून बसवायचं, हे त्याच्या कानावर जातंच. राहिलेलं काम त्यालाच द्या.

त्याचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्याआधी त्याला विचारा. टाकलात तर "सणाला पण येतात" असं लिहू नका, नाहीतर त्याचा पाडवा दुसऱ्यांच्या घरी जाईल. "फॉल्ट नीट शोधतात, आधी रेट सांगतात" एवढं पुरे.