मुदत संपलेला माल आला? पुरवठादाराला पत्र लिहिताना या चुका टाळा

म्हापशातल्या एका घाऊक एजन्सीत मी एकोणीस वर्षं हिशेबनीस होतो. दुकानदारांची तक्रारपत्रं आधी माझ्या टेबलावर यायची, मग शेटकडे जायची. दहातली आठ पत्रं एकाच साच्याची असत: "आपण पाठवलेला माल एक्स्पायर निघाला. तरी त्वरित योग्य ती कार्यवाही करावी." कुठला माल, कुठल्या बिलातला, किती नग, दुकानदाराला पैसे हवेत की बदली माल, यातलं काहीच नाही. अशा पत्रावर मी तरी काय करणार? फोन करून विचारीन म्हणून बाजूला ठेवायचो आणि गडबडीत राहून जायचं. निवृत्तीनंतर आता डिचोली-साखळीकडच्या भुसारी दुकानदारांना मीच पत्रं लिहून देतो. टेबलाची बाजू बदलली, चुका मात्र त्याच आहेत.

बॅच नंबराशिवाय लिहिलेलं पत्र

ही माझ्या मते सगळ्यात महागडी चूक. पत्र उघडणाऱ्याच्या मनात पहिली शंका कोणती येते ते मी अनुभवानं सांगतो: हा माल खरंच आमच्या या बिलातला, की दुकानात पडून मुदत गेलेला आमच्या गळ्यात मारतोय? दुकानदाराला याचा राग येतो. पण तसं करणारे असतात. उन्हानं रंग उडालेली पाकिटं "कालच आली" म्हणून परत पाठवलेली मी पाहिली आहेत. तेव्हा तुमच्या पत्रानं पहिल्याच परिच्छेदात ही शंका मिटवली पाहिजे.

माझ्या आतेभावाचंच उदाहरण घ्या. चवथीच्या तोंडावर, १८ ऑगस्टला, त्याच्याकडे शेवयांची तीन खोकी आली. प्रत्येकात २४ पुडे. पहिलं खोकं ताजं होतं, ते संपलं. २२ तारखेला दुसरं फोडलं आणि पहिलाच पुडा घेऊन गेलेली शेजारची काकी अर्ध्या तासात परत आली. "अरे, ही तारीख वाचलीस का?" पॅकिंग ५ फेब्रुवारी, वापरण्याची मुदत ४ ऑगस्ट. म्हणजे माल दुकानात उतरला तेव्हाच मुदत संपून चौदा दिवस झाले होते. तिसऱ्या खोक्यावरही तीच बॅच. पुडा फोडलेला नव्हता, म्हणून काकीचे पैसे परत देऊन तो त्यानं जागच्या जागी ठेवला. एकूण ४८ पुडे.

भावानं तावातावानं पत्र खरडलं आणि मला दाखवलं. त्यात "फसवणूक" हा शब्द तीनदा होता, बॅच नंबर एकदाही नव्हता. मी त्याला म्हटलं, पत्र राहू दे, खरेदीची फाईल काढ. याच एजन्सीकडून याआधी शेवया कधी घेतल्या होत्या? बिल सापडलं २० जानेवारीचं. त्यानंतर थेट १८ ऑगस्ट. झालं की! जे पुडे ५ फेब्रुवारीला पॅक झाले, ते जानेवारीच्या मालात येणार कसे? ते ऑगस्टच्याच खेपेत आले, याला आता वेगळा साक्षीदार नको. पत्रात ही दोन वाक्यं घातली, फसवणूक काढून टाकली.

प्रत्येकाच्या नशिबी इतका सरळ पुरावा नसतो. मधे एप्रिलमध्येही तोच माल घेतला असेल, तर तारखांचं हे गणित चालत नाही. मग भिस्त न फोडलेल्या खोक्यावर. चिकटपट्टी शाबूत असताना खोक्याचा फोटो काढा, खोक्यावर छापलेली बॅच आणि तारीख दिसेल असा, शेजारी बिल ठेवून. बॅच नंबर दिला की एजन्सीलाही आपल्या आवक नोंदीत तो शोधता येतो. आणि कळवायला उशीर नको. त्या दिवशीच कळवलेल्या तक्रारीकडे आणि तीन आठवड्यांनी आलेल्या तक्रारीकडे हिशेबनीस एकाच नजरेनं बघत नाही.

माल उतरवून घेताना "बरोबर मिळाला" अशी सही केली, आता काय, असं पुष्कळ जण विचारतात. माल विक्री कायदा, १९३० म्हणतो की माल तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत तो स्वीकारला असं धरलं जात नाही. पण वाजवी वेळ उलटूनही न कळवता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारल्यासारखाच. मी स्वतः सहीशेजारी "तपासणीच्या अधीन" एवढं लिहायला सांगतो. टेम्पोवाला थोडा कुरकुरतो, तिकडे लक्ष देऊ नये.

सेल्समनच्या हाती माल, हाती कागद नाही

एकदा वाळपईकडच्या एका दुकानदारानं मुदत संपलेली पाच खोकी आमच्या सेल्समनच्या गाडीत टाकली. सेल्समन म्हणाला, "पात्रांव, पुढच्या बिलात वळते करतो." दुकानदारानं मान डोलावली. दोन महिन्यांत सेल्समन नोकरी सोडून गेला. दुकानदार ऑफिसात आला तेव्हा माझ्या वहीत त्याच्या नावावर परतीची नोंदच नव्हती. खोकी गोदामात होती, पण कुणाची ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला एक पैसा मिळाला नाही. मला वाईट वाटलं, पण वहीत नसलेल्या मालाची क्रेडिट नोट मी फाडू शकत नव्हतो.

त्या खोक्यांची पुढची गोष्ट अजून वाईट. नव्या पोऱ्यानं ती आवरताना चांगल्या मालाच्या रॅकवर चढवली आणि त्यातली दोन दुसऱ्याच दुकानाच्या ऑर्डरीत गेली. मुदत संपलेला माल दुकानात पोचतो तो पुष्कळदा असा, बिनकागदाच्या परतीतून. म्हणून माझी सवय सांगतो: परत जाणाऱ्या मालाची यादी दोन प्रतींत करायची, बॅच आणि नग लिहायचे, नेणाऱ्याची सही, नाव आणि तारीख घ्यायची. सही देत नसेल तर माल हलवायचा नाही. माल विक्री कायद्याप्रमाणे, वेगळं काही ठरलेलं नसेल तर नाकारलेला माल परत पोचवण्याचं बंधन खरेदीदारावर नाही. नाकारल्याचं कळवणं पुरे. तेव्हा टेम्पोभाडं भरून तुम्ही म्हापशाला जायचं कारण नाही.

तोवर माल विक्रीच्या फळीवरून काढून वेगळा ठेवा आणि वर मोठ्या अक्षरात "मुदत संपलेला माल, विक्रीसाठी नाही" असं चिकटवा. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मधलं कलम २७ मुदतीनंतर माल पुरवणाऱ्या घाऊक विक्रेत्याला जबाबदार धरतं, तसंच मुदतीनंतर विकणाऱ्या दुकानदारालाही. चूक त्यांची, पण फळीवर माल राहिला तर तुमचीही.

एमआरपीनं मागितलेली रक्कम

भावानं पहिल्या मसुद्यात ४८ पुड्यांचे छापील २५ रुपयांनी १,२०० रुपये मागितले होते. बिलात दर होता १८ रुपये, वर ५ टक्के सूट आणि ५ टक्के जीएसटी. म्हणजे ८६४ रुपये, सूट वजा जाता ८२०.८०, कर धरून ८६१.८४. एवढेच पैसे त्याच्या खिशातून गेले होते, तेवढेच मागायचे. फुगवलेला आकडा दिसला की हिशेबनीस पूर्ण पत्र शंकेनं वाचतो. त्याच्या जागी बसलो म्हणून सांगतो. जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर क्रेडिट नोट आल्यावर तेवढं उलटवायचं असतं. ते तुमच्या कर सल्लागाराला सांगा.

बाकीच्या चुका थोडक्यात. "पैसे किंवा बदली माल किंवा आपल्याला योग्य वाटेल ते" असं लिहू नका. त्यांना काहीच न देणं योग्य वाटतं. दुकानात पडून मुदत गेलेला माल आणि मुदत संपून आलेला माल एका पत्रात घालू नका. पहिल्याचा निकाल कंपनीच्या परतीच्या धोरणानं लागतो आणि त्याच्या नादात दुसराही लटकतो. न विचारता पुढच्या बिलातून रक्कम कापू नका, नाहीतर तक्रारदाराचे तुम्ही थकबाकीदार होता. फोटो व्हॉट्सॲपवर त्याच दिवशी पाठवाच, पण पत्रही द्या आणि प्रतीवर पोच घ्या. हल्लीच्या नव्या दुकानदारांना आवाजी मेसेज म्हणजेच तक्रार वाटते. आवाजी मेसेज फाईलला लागत नाही.

आणि पहिल्याच ओळीत एफडीएची धमकी नको. बांबोळीचं अन्न व औषध प्रशासन निकृष्ट किंवा मुदतबाह्य अन्नाविरुद्ध कारवाई करतं, तुमची वसुली करून देत नाही. ग्राहक आयोगाचंही नाव घेऊ नका. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच ठरत नाही, हे एजन्सीच्या वकिलाला पाठ असतं.

शेवटी भावाचं पत्र असं गेलं:

विषय: १८ ऑगस्टच्या बिलातील मुदत संपलेल्या शेवया, रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,
वरील बिलातील शेवयांच्या तीन खोक्यांपैकी दोन खोक्यांतील ४८ पुड्यांची मुदत ४ ऑगस्टला, म्हणजे माल पोचण्यापूर्वीच, संपलेली होती. बॅच नंबर व तारखा सोबतच्या यादीत आहेत. आपल्याकडून याआधीची आमची शेवयांची खरेदी २० जानेवारीची असून या बॅचचे पॅकिंग ५ फेब्रुवारीचे आहे. त्यामुळे हा माल १८ ऑगस्टच्या खेपेतीलच आहे.
हा माल आम्ही नाकारत आहोत. तो विक्रीतून काढून वेगळा ठेवला आहे. आपण लेखी पोच देऊन स्वखर्चाने न्यावा व बिलाच्या दराने ८६१.८४ रुपयांची क्रेडिट नोट सात दिवसांत द्यावी. चवथीनंतर मागणी नसल्याने बदली माल नको.
सोबत: बिलांच्या दोन प्रती, बॅचनिहाय यादी, चार फोटो.
आपला विश्वासू

एजन्सीनं आधी बिलाच्या तळाची "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही ओळ दाखवली. त्या ओळीनं कलम २७ ची जबाबदारी पुसली जात नाही, एवढं एक वाक्य आम्ही दुसऱ्या पत्रात लिहिलं आणि ते स्पीड पोस्टनं पाठवलं. नवव्या दिवशी त्यांचा माणूस यादीवर सही करून दोन्ही खोकी घेऊन गेला. क्रेडिट नोट पुढच्या आठवड्यात आली, ८६२ रुपयांची.