आंब्याच्या ऑर्डरीसाठी विचारून गप्प झालेलं गिऱ्हाईक: पाठपुराव्यातल्या या चुका टाळा

मार्च संपता संपता पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांकडून विचारणा सुरू होते. "चाळीस पेट्या लागतील, दर कळवा." देवगड, राजापूर किंवा रत्नागिरीचा बागायतदार दर पाठवतो आणि पुढे काहीच ऐकू येत नाही. मग एक तर तो रोज मेसेज टाकत बसतो, नाहीतर "गरज असेल तर करतील फोन" म्हणून पहिल्याच मेसेजवर सोडून देतो. ऑर्डर दोन्हीकडून जाते.

आमचा हिशोब साधा आहे. दर पाठवल्यानंतर जास्तीत जास्त तीन आठवणी करायच्या. त्यांतली तिसरी निरोपाची असते आणि तिच्यानंतर त्या हंगामात आपण गप्प. पण हे तीन मेसेज कधी पाठवायचे ते फळाच्या काढणीवरून ठरतं, आणि बहुतेकांचं गणित तिथेच चुकतं.

पहिली चूक: तारीख पुढून मोजणे

"आज दर दिला, दोन दिवसांनी विचारू, मग परत दोन दिवसांनी" असं मोजलं की थांबायचं कुठे ते कळत नाही. तारखा मागून मोजाव्यात. उदाहरणासाठी 2025 चं कॅलेंडर घ्या. त्या वर्षी अक्षय्य तृतीया 30 एप्रिलला, बुधवारी होती. सोसायटीत माल वाटायला रविवार बरा, कारण माणसं घरी असतात. म्हणजे पेट्या 27 एप्रिलला पोचायला हव्यात. झाडावरून उतरवलेला तयार हापूस आढीत घातल्यापासून खायला यायला साधारण 8 ते 12 दिवस लागतात. तेव्हा काढणी 19-20 एप्रिलच्या पुढे ढकलून चालत नाही. पाच डझनी चाळीस पेट्या म्हणजे 2400 फळं. त्यांच्यासाठी गडी सांगून ठेवायचे, रिकामे खोके आणायचे, टेम्पो ठरवायचा, याला दोन दिवस तरी धरा. होकाराची शेवटची तारीख निघाली 17 एप्रिल, गुरुवार.

दर दिला 1 एप्रिलला, म्हणजे पाडव्यानंतर दोन दिवसांनी. मधे उरले सोळा दिवस. पहिली आठवण 4 तारखेला, दुसरी 9 ला, तिसरी 15 ला. दहा तारखेला महावीर जयंती आणि चौदाला आंबेडकर जयंती, म्हणून ते दिवस टाळलेत. सुट्टीच्या दिवशी आलेला धंद्याचा मेसेज माणूस वाचतो आणि विसरतो. आठवणींतलं अंतर वाढत जातं हेही बघा, तीन दिवस, मग पाच, मग सहा. कमिटीला आपापसात बोलायला वेळ लागतो. सेक्रेटरीच्या एकट्याच्या हातात काही नसतं.

दुसरी चूक: मेसेज पोचलाय असं धरून चालणे

रागावण्याआधी टिकमार्क बघा. व्हॉट्सअॅपवर एकच राखाडी टिक असेल तर मेसेज समोरच्या फोनपर्यंत गेलेला नाही. फोन बंद असेल, नेट नसेल, किंवा तुम्हाला ब्लॉक केलं असेल. दोन राखाडी टिका म्हणजे पोचला. मात्र निळ्या झाल्या नाहीत म्हणून वाचलाच नाही असं नव्हे, कारण निळ्या टिका बंद ठेवता येतात.

खरा घोटाळा ब्रॉडकास्ट लिस्टचा आहे. पुष्कळ बागायतदार सगळ्यांना एकदम दर पाठवतात. पण ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्टचा मेसेज जातच नाही. नव्या गिऱ्हाइकाकडे तुमचा नंबर सेव्ह कशाला असेल? तो दराची वाट बघतोय आणि तुम्ही उत्तराची. म्हणून पहिला दर नेहमी त्या माणसाला स्वतंत्र पाठवावा. दोन दिवस एकच टिक राहिली तर एक साधा फोन करावा. तो आठवणींत मोजायचा नाही, कारण आधीचं काही पोचलेलंच नसतं.

तिसरी चूक: "काय ठरलं?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला समोरच्याला आधी ठरवावं लागतं, म्हणून तो उत्तरच देत नाही. दर आठवणीत एक नवी गोष्ट हवी आणि एका शब्दात उत्तर देता येईल असा एकच प्रश्न हवा. चार तारखेला असं लिहा:

"नमस्कार ताई, मंगळवारी पाच डझनी पेटीचा दर पाठवला होता. सोसायटीला चार डझनीही चालेल का? तिचा दर वेगळा आहे."

नऊ तारखेला बागेतल्या फळाचा त्याच दिवशी काढलेला फोटो, एका फळाचं वजन आणि "27 तारखेचा रविवार सोईचा आहे का?" एवढं पुरे. मागच्या वर्षीचा फोटो टाकू नका. शहरातला माणूस आता तेवढा पारखी झालाय.

मधे "बघते, कळवते" असं उत्तर आलं तर मोजणी थांबते. तेव्हा "सोमवारी विचारू का?" असं विचारून तारीख घ्या आणि त्या तारखेआधी एकही मेसेज नको. "नको" आलं तर उरलेल्या आठवणी रद्द. "का नको" हेही विचारायचं नाही.

चौथी चूक: सगळीकडून एकदम गाठणे

मेसेज, लगेच मिस्ड कॉल, मग एसएमएस, आणि शेवटी त्याच सोसायटीतल्या ओळखीच्या माणसाकरवी निरोप. तुमच्या लेखी ती एकच आठवण असते, समोरच्याला ती चार वाटतात. माध्यम बदलायचं असेल तर दुसऱ्या आठवणीला मेसेजऐवजी फोन करा. उचलला नाही तर परत लावू नका, वरचा मजकूर मेसेजने पाठवा.

पाचवी चूक: निरोपात टोमणा

"उत्तर द्यायची पद्धत असते" असलं वाक्य लिहून पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईकही घालवलं जातं. "तुमच्यासाठी माल अडवून ठेवलाय" हेही नको. खरं असेल तर नुकसान तुमचं, आणि खोटं असेल तर कळतंच. पंधरा तारखेचा मेसेज असा असावा:

"नमस्कार ताई, तृतीयेसाठीची काढणी 19 ला सुरू होतेय. 40 पेट्या हव्या असल्यास गुरुवार 17 पर्यंत कळवा. नाहीतर हा माल दुसरीकडे देतो. यंदा जमलं नाही तरी काही हरकत नाही, मी परत विचारणार नाही."

आणि मग खरंच विचारायचं नाही. अठरा तारखेला सकाळी माल वाशीला किंवा दुसऱ्या गिऱ्हाइकाला लावून मोकळं व्हा. पुढच्या हंगामात दर निघाले की त्या नंबरावर एकच मेसेज टाकावा. त्यालाही उत्तर आलं नाही तर नाव यादीतून काढावं. नको असलेले मेसेज माणसं ब्लॉक करतात, रिपोर्टही करतात, आणि तसं फार झालं तर ऐन हंगामात खात्यावरच बंधनं येऊ शकतात.

हा तीनचा हिशोब न झालेल्या ऑर्डरीपुरता आहे. माल गेलाय आणि पैसे अडकलेत, तर ती उधारी. तिथे गप्प बसायचं नसतं.

कधी कधी 22 तारखेला अचानक उत्तर येतं, "अहो, राहूनच गेलं, पाठवा चाळीस." तेव्हा जुना दर आणि जुनी तारीख दोन्ही संपलेली असतात. "तृतीयेचा माल गेला. पुढच्या काढणीतला 4 मेच्या रविवारी मिळेल, दर त्या दिवशीचा" एवढंच कळवा, आणि निम्मे पैसे हातात आल्याशिवाय झेला झाडाला लावू नका.