रेकॉर्डिंग बाहेर पाठवण्याआधी

कॉल सेंटरचे रेकॉर्ड केलेले कॉल ट्रेनिंगवाल्यांना द्यायचे असतील तर त्यांतले ग्राहकांचे नंबर नि नावं झाकावी लागतात. आधी फाइलचं नाव बघा. बरेच डायलर ग्राहकाचा मोबाइल नंबर फाइलच्या नावातच घालतात. आत बीप आणि बाहेर नंबर उघडा, असं नको.

मग रेकॉर्डिंग दोन चॅनलांत मागून घ्या: एकात ग्राहक, दुसऱ्यात आपला माणूस. बोलण्याचा मजकूर काढणाऱ्या सॉफ्टवेअरने प्रत्येक शब्द कुठे सुरू झाला नि कुठे संपला, ती वेळही द्यायला हवी.

खरी मेहनत नंबरवर आहे. समजा, अंधेरीच्या एका बाई वॉटर प्युरिफायरची तक्रार नोंदवतायत. “अठ्ठ्याण्णव वीस…” “हं, अठ्ठ्याण्णव वीस.” “डबल सात… थांबा हां, चष्मा घेते… झिरो चार…” सलग दहा आकडे शोधणाऱ्या नियमाला इथे काहीच सापडणार नाही. म्हणून आधी शब्दांचे आकडे करा: अठ्ठ्याण्णव म्हणजे 98, डबल सात म्हणजे 77. दोन्ही चॅनलांचे शब्द वेळेनुसार एकत्र लावा आणि वीस सेकंदांत सहाहून जास्त आकडे आले, तर पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळं झाका, चष्म्यासकट आणि दोन्ही चॅनलांवर. आपला माणूस नंबर परत म्हणून दाखवतो, ते विसरलं जातं. एखादी बिलाची रक्कम झाकली गेली तर जाऊ दे.

दोन्ही टोकांना 0.2 सेकंद जास्त घ्या. आकडे 72.6 ते 84.0 दरम्यान असतील तर:

```
ffmpeg -i in.wav -af "asetnsamples=80,volume=0:enable='between(t,72.4,84.2)'" -map_metadata -1 out.wav
```

यातलं 80 म्हणजे एका तुकड्यातले नमुने, ते काढू नका. फोनचा आवाज सेकंदाला 8000 नमुन्यांचा असतो आणि volume हा फिल्टर आवाजाचा एकेक तुकडा घेऊन चालू-बंद होतो. तुकडे मोठे असले की कड सरकते आणि पहिला आकडा ऐकू येतो. बीप या शांततेत नंतर भरा. बोलण्यावर नुसती बीप चढवली तर ती गाळून खालचा आवाज परत काढता येतो. ग्राहकाने कीपॅडवर दाबलेल्या नंबरचे टूं-टूं आवाजही झाका, त्यांवरून आकडे उलगडतात आणि मजकुरात ते दिसतच नाहीत.

नावांचा घोळ वेगळा. किरण, आशा, प्रकाश ही नावंही आहेत आणि साधे शब्दही, त्यामुळे “काही आशा नाही” यावर बीप वाजते. त्या कॉलच्या तक्रार नोंदीत ग्राहकाचं नाव असतंच, ते आधी जुळवा. शेजारच्या काकू नि वॉचमन नोंदीत नसतात, त्यांच्यासाठी नावं ओळखणारं मॉडेल लागेलच.

शेवटी पन्नास कॉल हेडफोन लावून कुणाला तरी ऐकायला द्या आणि फक्त सुटलेले मोजा. त्या माणसाला एकोणसत्तर नि एकोणऐंशी यांतला फरक झटकन कळायला हवा. आमच्याकडे मुलांना तोच कळत नव्हता.