रिक्षाच्या टायरवरचा 76 आकडा काय सांगतो?

मागचा टायर बदलताना बाजूवरचा शिक्का वाचा: 4.00-8, 6पीआर, 76. इथे 76 म्हणजे त्या एका टायरची मर्यादा 400 किलो, पण हवा पूर्ण असेल तरच. 6पीआर म्हणजे आत सहा थर आहेत असं नव्हे, ती ताकदीची श्रेणी आहे. मागे एका बाजूला 4पीआर आणि दुसऱ्या बाजूला 6पीआर कधीच घालू नका.

हवा सकाळी, पहिल्या फेरीआधी तपासा. पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे गाडीच्या पुस्तिकेत असतात. दुपारी तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो. तेव्हा हवा सोडलीत तर संध्याकाळी तीन सीट आणि बॅगा घेऊन टायर दबून पळेल. दोन्ही कडा झिजल्या आणि मधली नक्षी शाबूत असेल, तर हवा कमीच राहतेय.